मुदतीआधी थांबलेल्या चाचणीचा आकडा किती खरा?

‘औषध इतके गुणकारी ठरले की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली’ अशा बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाची मूत्रपिंडविकारावरची चाचणी अशीच थांबली. जून २०२४ मध्ये एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या, सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनच्या चाचणीबाबतही तेच घडले. अशा बातमीचा अर्थ बहुतेक वाचक सरळ लावतात. औषध जबरदस्त असणार, म्हणूनच तज्ज्ञांना वाट पाहवली नाही, असे त्यांना वाटते. संख्याशास्त्राचा अनुभव मात्र थोडा वेगळा आहे. मुदतीआधी थांबलेल्या चाचणीत औषधाचा फायदा खरा असू शकतो, पण त्या दिवशी जाहीर झालेला आकडा बहुधा खऱ्यापेक्षा मोठा असतो. हे का होते आणि किती होते, ते समजून घ्यायला आपल्या शेजारचेच एक उदाहरण आहे.

लोणावळा लोकलने पुण्याकडे जाताना कासारवाडीला उतरले की नाशिक फाट्यावरून भोसरी जवळच आहे. तिथल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतला होता. नऊ देशांतल्या १३ केंद्रांवर ही चाचणी चालली आणि त्यातली भारतातली केंद्रे पुणे आणि चेन्नईला होती. तिच्यात १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्हीची लागण झालेली होती आणि दुसऱ्याला नव्हती. बाधित जोडीदाराची प्रकृती त्या वेळी बरी होती. त्याच्या रक्तातल्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा पहारा करणाऱ्या पेशी, घनमिलिमीटरमागे ३५० ते ५५० होत्या. तेव्हाच्या प्रथेनुसार अशा माणसाला लगेच औषधे सुरू करत नसत.

प्रश्न असा होता की औषधे आत्ताच सुरू केली तर जोडीदाराची लागण टळेल का? चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ८८६ जोडप्यांच्या गटात औषधे लगेच सुरू झाली. ८७७ जोडप्यांच्या गटात सीडी-४ पेशी २५० पर्यंत उतरेपर्यंत किंवा एड्सशी निगडित आजार होईपर्यंत थांबायचे ठरले. दोन्ही गटांना समुपदेशन आणि निरोध मिळत होते. चाचणी २०१५ पर्यंत चालायची होती.

अशा चाचणीत कोणत्या गटात काय घडते आहे याची बेरीज संशोधकांना दाखवत नाहीत. ती दिसली तर त्यांच्या वागण्यात नकळत फरक पडू शकतो. ते काम एका स्वतंत्र देखरेख मंडळाकडे असते. त्यात डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि नीतितज्ज्ञ असतात. मंडळ ठरावीक काळाने जमते, दोन्ही गटांचे आकडे उघडून पाहते आणि चाचणी चालू ठेवायची की थांबवायची याची शिफारस करते. आकडे असे मध्येच उघडून पाहण्याला अंतरिम विश्लेषण म्हणतात. ‘एचपीटीएन ०५२’चे मंडळ २८ एप्रिल २०११ रोजी जमले, तेव्हा आकडे असे होते : बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे विषाणूच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेल्या २८ घटना. त्यातल्या २७ उशिरा औषध देण्याच्या गटात आणि फक्त एक लगेच औषध देण्याच्या गटात. मंडळाने निष्कर्ष ताबडतोब जाहीर करायला सांगितले आणि १२ मे रोजी ते जगाला कळले. लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, असा तो आकडा होता. उशिराच्या गटातल्या सर्वांना औषधे देऊ करण्यात आली.

इथे थांबणे योग्य होते, यावर फारसा वाद नाही. आपल्या हाती असलेल्या गोळीने घरातल्या माणसाची लागण टळते हे कळल्यावर उरलेल्यांना चार वर्षे ताटकळत ठेवता आले नसते. तरीही ९६ हा आकडा जसाच्या तसा खरा मानावा का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थांबण्याच्या नियमातच दडलेले आहे.

मुळात नियम लागतो तो आकडे पुन्हा पुन्हा पाहण्यामुळे. समजा, एखादे औषध पूर्ण निरुपयोगी आहे. चाचणीच्या शेवटी एकदाच आकडे पाहिले आणि ‘निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ ही नेहमीची कसोटी लावली, तर फसण्याचा धोका शंभरात पाच असतो. तीच कसोटी लावून समान अंतराने पाच वेळा आकडे पाहिले आणि पहिल्यांदा फरक दिसला तिथेच थांबलो, तर तो धोका शंभरात १४ वर जातो. नाणेफेकीत एक बाजू काही काळ पुढे असतेच. आपण नेमक्या त्याच क्षणी खेळ थांबवला, तर नाणे खोटे आहे असे वाटते.

म्हणून मधल्या तपासणीची कसोटी फार कडक ठेवतात. एक प्रचलित नियम सांगतो की योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी असेल तरच मध्ये थांबावे. दुसऱ्या एका नियमात ही कसोटी सुरुवातीला याहूनही कडक असते आणि चाचणी पुढे सरकेल तशी सैल होत जाते. या नियमांमुळे निरुपयोगी औषध गुणकारी ठरण्याचा धोका आटोक्यात राहतो. औषध खरोखर गुणकारी असेल, पण माफक, तर मात्र याच नियमांमुळे त्याचा फायदा फुगलेला दिसतो. हे थोडे उलटे वाटेल, म्हणून आकडेमोडच करून पाहू.

समजा, एका औषधाने मृत्यू खरोखर २५ टक्क्यांनी कमी होतात. दोन गट सारख्या आकाराचे आहेत. म्हणजे औषधाविना १०० मृत्यू झाले, तर औषधाच्या गटात सरासरी ७५ होतील. ‘हजारात एक’चा नियम आहे. पहिली तपासणी ठेवली ती दोन्ही गटांत मिळून ४४ मृत्यू झाल्यावर. खऱ्या प्रमाणात त्यांची विभागणी साधारण २५ आणि १९ अशी व्हायला हवी. एवढ्या थोड्या घटनांत योगायोगाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात २० आणि २४ दिसतील किंवा २९ आणि १५ दिसतील. पण ‘हजारात एक’ची कसोटी ओलांडायला किती फरक लागतो? साधारण ३३ आणि ११. म्हणजे ६७ टक्के घट!

याचा अर्थ नीट पाहावा. खरा फायदा २५ टक्के आहे. पण पहिल्या तपासणीला जी चाचणी थांबेल, ती किमान ६७ टक्के फायदा दाखवूनच थांबेल. त्याहून कमी दाखवणाऱ्या चाचणीला थांबायची परवानगीच नाही. तिथे थांबणारी प्रत्येक चाचणी फुगलेला आकडा घेऊनच बाहेर पडते. यात कोणाची लबाडी नाही आणि आकडेमोडीतही चूक नाही. नशिबाची साथ मिळून ज्या चाचण्या उंच उडाल्या, त्याच नेमक्या नियमाच्या चाळणीतून पार झाल्या, एवढेच. लोणावळ्याचा पाऊस मोजताना आकडा विलक्षण मोठा दिसेल त्याच दिवशी मोजणी बंद करायची असे ठरवले, तर त्या नोंदीवरून हंगामाची सरासरी काढणारा फसेल, तसेच हे आहे.

घटना वाढत गेल्या की ही फुगवटी ओसरते. एकूण २०० मृत्यू झाल्यावर तपासले, तर तीच कसोटी ओलांडायला सुमारे १२४ आणि ७६ अशी विभागणी लागते, म्हणजे ३९ टक्के घट. ४०० मृत्यूंनंतर २३३ आणि १६७ पुरतात, म्हणजे २८ टक्के. हा आकडा खऱ्या २५ च्या अगदी जवळ येतो. म्हणूनच अशी बातमी वाचताना ‘किती लोकांवर चाचणी झाली’ यापेक्षा ‘किती घटना घडल्यावर ती थांबली’ हे विचारणे महत्त्वाचे आहे. दहा हजार लोक असले आणि घटना पन्नासच असल्या, तर आकडा पन्नासाच्याच बळावर उभा असतो.

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षातही दिसते. २०१० मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. मुदतीआधी थांबलेल्या ९१ चाचण्या एका बाजूला आणि त्याच ६३ प्रश्नांवरच्या पूर्ण चाललेल्या ४२४ चाचण्या दुसऱ्या बाजूला, अशी ती होती. पूर्ण चाचण्यांमध्ये जिथे २० टक्के घट दिसते, तिथे थांबलेल्या चाचण्या सरासरी ४३ टक्के घट दाखवतील, इतका फरक तिच्यातून निघाला. पाचशेहून कमी घटना असलेल्या चाचण्यांत ही तफावत सर्वाधिक होती. या तुलनेवर संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले. थांबलेल्या चाचण्या बाजूला काढल्या की उरलेल्यांत नशीब न लाभलेल्या चाचण्या जास्त राहतात, त्यामुळे तफावत आहे त्याहून मोठी भासते, असे त्यांचे म्हणणे होते. ते रास्त आहे. वाद आहे तो तफावतीच्या आकारावर. थोड्या घटनांवर थांबलेल्या चाचणीचा आकडा फुगतो, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

ही फुगवटी रुग्णाच्या जिवावर कशी येऊ शकते, ते अतिदक्षता विभागातल्या इन्सुलिनच्या उदाहरणातून दिसते. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या एका रुग्णालयाने निष्कर्ष जाहीर केले. तिथल्या शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात १,५४८ रुग्णांपैकी निम्म्यांची रक्तशर्करा इन्सुलिन देऊन ८० ते ११० मध्ये काटेकोरपणे राखली होती आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार दिले होते. विभागातले मृत्यू आठ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले आणि अंतरिम विश्लेषणानंतर चाचणी थांबवली गेली. मृत्यू जवळपास निम्मे! जगभरच्या अतिदक्षता विभागांनी ही पद्धत उचलली आणि मार्गदर्शक सूचनांतही ती आली.

पण हा निष्कर्ष किती घटनांवर उभा होता? एका गटातले ६३ मृत्यू आणि दुसऱ्यातले ३५, एकूण ९८. चाचणीने स्वतःसाठी आखलेल्या नियमात ते बसत होते, पण वर सांगितलेल्या ‘हजारात एक’च्या कसोटीत बसले नसते. पुढे ‘नाइस-शुगर’ ही ६,१०४ रुग्णांची चाचणी पूर्ण मुदत चालली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नव्वद दिवसांत काटेकोर गटातले २७.५ टक्के रुग्ण दगावले होते, तर शर्करा १८० पर्यंत चालू देणाऱ्या गटातले २४.९ टक्के. म्हणजे काटेकोरपणा उलट घातक ठरला आणि त्यात शर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंगही कितीतरी अधिक होते. दोन चाचण्यांतले रुग्ण आणि आहार देण्याची पद्धत वेगळी होती, त्यामुळे सगळा दोष लवकर थांबण्याला देता येणार नाही. पण ९८ मृत्यूंवर थांबलेल्या, एकाच रुग्णालयातल्या चाचणीच्या आकड्यावर जगाने आठ वर्षे विसंबून राहायला नको होते, हे खरेच.

आता पुन्हा भोसरीकडे येऊ. ‘एचपीटीएन ०५२’ मध्ये घटना २८च होत्या, म्हणजे इन्सुलिनपेक्षाही कमी. मग तिचा निष्कर्ष का टिकला? पहिले कारण म्हणजे २७ विरुद्ध १ ही विभागणी कसोटीच्या काठावरची नव्हती, ती कसोटी फार मागे टाकून गेली होती. काठावर थांबलेली चाचणी आणि काठापासून खूप पुढे गेलेली चाचणी यांत मोठा फरक आहे. दुसरे म्हणजे औषधाने रक्तातला विषाणू कमी होतो आणि विषाणू कमी असला की लागण कमी होते, हे आधीच्या निरीक्षणांतून दिसले होते. निष्कर्ष अनपेक्षित नव्हता. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निष्कर्ष जाहीर झाले तरी जोडप्यांचा पाठपुरावा २०१५ पर्यंत सुरूच ठेवला गेला.

२०१६ मध्ये अंतिम आकडे आले. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणीच्या घटना आता ४६ होत्या, ४३ उशिराच्या गटात आणि तीन लगेचच्या गटात. घट ९३ टक्के. औषधे सुरू झाल्यानंतरही जोडीदाराला लागण झाल्याच्या आठ घटना होत्या. त्यातल्या चार विषाणू पुरता दबण्याआधीच्या होत्या आणि चार औषध निष्प्रभ ठरल्यानंतरच्या. विषाणू नीट दबलेला असताना एकही नाही. गोळी सुरू केली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये, रक्तातला विषाणू दबल्याची तपासणी करावी, हा रोजच्या उपयोगाचा सल्ला या पाठपुराव्यातून भक्कम झाला. २०११ च्या एका घटनेवरून तो देता आला नसता.

आणि ९६ चे काय? २०११ च्या निबंधातच त्याची विश्वासमर्यादा दिली होती : खरी घट ७३ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. मथळ्यात मात्र फक्त ९६ आले. ९३ हा अंतिम आकडा त्या पट्ट्यात आरामात बसतो. अर्थात २०११ नंतर उशिराच्या गटातल्या बहुतेकांनीही औषधे सुरू केल्याने पुढची तुलना पूर्वीसारखी निखळ राहिली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.

लवकर थांबण्याची दुसरी किंमत इथेच दिसते. त्या वेळी जे प्रश्न अर्धवट असतात, ते अर्धवटच राहतात. लगेच औषधे सुरू केल्याने जोडीदार वाचतो हे सिद्ध झाले, पण खुद्द बाधित व्यक्तीचे आयुष्य वाढते का? थांबताना लगेचच्या गटात दहा मृत्यू होते आणि उशिराच्या गटात तेरा. एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. फुप्फुसाबाहेरचा क्षयरोग मात्र लगेचच्या गटात तिघांना आणि उशिराच्या गटात सतरा जणांना झाला होता. क्षयाचे ओझे असलेल्या आपल्या देशाला हा इशारा महत्त्वाचा होता. उशिराचा गटच मोडल्यावर याच चाचणीत पुढचे उत्तर शोधणे अवघड झाले. बाधित व्यक्तीच्या स्वतःच्या फायद्याचे ठोस उत्तर ‘स्टार्ट’ या ४,६८५ जणांच्या वेगळ्या चाचणीतून २०१५ मध्ये मिळाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सर्व बाधितांना लगेच औषधे देण्याची शिफारस केली आणि भारताने ते धोरण २०१७ मध्ये स्वीकारले.

या चष्म्यातून सुरुवातीच्या दोन बातम्या पाहू. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत गंभीर मूत्रपिंडविकार किंवा मृत्यू अशा घटना औषधाच्या गटात ३३१ आणि दुसऱ्या गटात ४१० होत्या. घट २४ टक्के आणि तिचा पट्टा १२ ते ३४ टक्के. एकूण ७४१ घटनांवर उभा असलेला हा माफक आकडा फार फुगलेला असण्याची शक्यता कमी आहे. लेनाकापाविरच्या २०२४ च्या पहिल्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, तर रोजची जुनी गोळी घेणाऱ्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. फायदा मोठा आहे यात शंका नाही. पण ‘शून्य’ म्हणजे ‘कधीच नाही’ असा अर्थ होत नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा सांगतो की एकही घटना न दिसल्यास तीनला लोकसंख्येने भागावे, तेवढा धोका अजून शिल्लक असू शकतो. इथे तो हजारामागे साधारण दीड निघतो. त्याच वर्षी पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत २,१७९ जणांपैकी दोघांना लागण झाली. गट वेगळा होता, तरी हा आकडा त्या मर्यादेत चपखल बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी मुदतीआधी थांबलेल्या चाचणीची बातमी आली की मथळ्यातल्या टक्केवारीशेजारी तीन गोष्टी शोधाव्यात. किती घटनांवर ती थांबली, टक्केवारीचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे, आणि सहभागींचा पाठपुरावा पुढे चालू राहणार आहे का. घटना शंभराच्या आत असतील आणि पाठपुरावाही संपला असेल, तर त्या टक्केवारीतून थोडी वजावट करूनच डॉक्टरांशी बोलावे.